दामदुप्पट की पाच वर्षांची ठेव? दोन मुदतींचे दर एका मापात आणताना

सांगलीच्या एका कुटुंबापुढे जून २०२४ मध्ये आलेला हा प्रश्न आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. आकडे मात्र सगळे मांडले आहेत, कारण प्रकरण आकड्यांचंच आहे.

पार्श्वभूमी

मार्केट यार्डातल्या हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी असलेले गृहस्थ, वय ४८. त्यांचा भाचा त्यांना मामा म्हणतो, म्हणून इथेही मामा आणि मामी असंच म्हणू. विमा पॉलिसीची मुदत संपून मामांच्या हातात ४ लाख रुपये आले होते. अडीअडचणीसाठी लाखभर रुपये बचत खात्यात वेगळे होतेच, त्यामुळे या चार लाखांना लगेच हात लावायची गरज नव्हती. एक खर्च मात्र ठरलेला होता. मुलगी आठवीत होती, म्हणजे तिची बारावी होऊन पुढचा प्रवेश जून २०२९ च्या आसपास.

घरात दोन पर्याय आले. पहिला टपाल कार्यालयाचं किसान विकास पत्र: ११५ महिन्यांत, म्हणजे ९ वर्षं ७ महिन्यांत, रक्कम दुप्पट. दुसरा गावातल्या एका नागरी सहकारी बँकेची पाच वर्षांची पुनर्गुंतवणूक ठेव: दर ७.४० टक्के, व्याज दर तिमाहीला मुद्दलात मिळणार.

बँकेच्या दरपत्रकात त्या ठेवीसमोर तीन रकाने होते. व्याजदर ७.४०, हजाराचे मुदतीअंती १,४४३ आणि शेवटच्या रकान्यात ठळक अक्षरांत ‘वार्षिक परतावा ८.८६ टक्के’.

अडचण

मामांनी वहीत केलेला हिशोब सरळ होता. शंभराचे दोनशे होतात, म्हणजे व्याज १००. ते ९ वर्षं ७ महिन्यांनी भागलं की वर्षाला १०.४३ टक्के येतात. बँक स्वतःच ८.८६ सांगते. फरक दीड टक्क्याहून जास्त, तेव्हा टपालच बरं.

मामींना निकाल पटला, पण रीत पटली नाही. त्यांचं म्हणणं होतं की टपालाच्या फलकावर या पत्राचा दर ७.५ टक्के लिहिलाय, मग १०.४३ आले कुठून? हा प्रश्न या प्रकरणात सर्वांत मोलाचा ठरला. फलकावरचा दर आणि वहीतला दर यांत तीन टक्क्यांचं अंतर पडत असेल, तर दोन्हींपैकी एक आकडा वेगळ्याच गोष्टीचा असणार.

मामांनी मग दुसरी तुलना केली: टपाल ७.५, बँक ७.४. निकाल तोच राहिला, फक्त अंतर दशांश टक्क्यावर आलं. भाचा विश्रामबागेत एका करसल्लागाराकडे काम करतो. कागद त्याच्याकडे गेले, तेव्हा त्याने पहिल्याच नजरेत सांगितलं, “मामा, दोन्ही हिशोब चुकीचे आहेत, आणि दोन्ही एकाच बाजूला चुकलेत.”

वर्षांनी भागण्यात काय बिघडतं

चक्रवाढ ठेवीत शेवटी मिळणाऱ्या व्याजात ‘व्याजावरचं व्याज’ही असतं, आणि त्याचा मोठा भाग शेवटच्या काही वर्षांत जमतो. एकूण व्याज वर्षांनी भागलं की ती शेवटची कमाई पहिल्या वर्षापासून होत असल्यासारखी दिसते. मुदत जितकी लांब, तितका हा फुगवटा मोठा.

हे पाहायला दर एकच ठेवावा आणि फक्त मुदत बदलावी. दर साल ७.५ टक्के, वर्षातून एकदा चक्रवाढ असं धरू. एका वर्षाच्या ठेवीत भागाकाराने ७.५ येतात. पाच वर्षांच्या ठेवीत ८.७१ येतात. ११५ महिन्यांना १०.४३, आणि वीस वर्षांना १६.२४. ठेव तीच आणि वेगही तोच, तरी आकडा दुपटीहून वर गेला. म्हणून ‘परतावा’ या रकान्यातला आकडा फक्त तेवढ्याच मुदतीच्या दुसऱ्या ठेवीशी ताडून पाहता येतो. पाच वर्षांचे ८.८६ आणि ११५ महिन्यांचे १०.४३ शेजारी ठेवले, तर जास्त मुदतीची ठेव केवळ जास्त मुदतीची म्हणून जिंकते.

बँकेने खोटं काही छापलेलं नव्हतं. हजारावर पाच वर्षांत ४४३ रुपये मिळतात, वर्षाला सरासरी साधारण ८८.६. आकडा खरा आहे. फक्त तो साध्या व्याजाच्या भाषेतला आहे आणि ठेव चक्रवाढीची आहे.

मामांची दुसरी तुलना, म्हणजे ७.५ विरुद्ध ७.४, वेगळ्या कारणाने चुकली. टपालाचे ७.५ वर्षातून एकदा चक्रवाढ होतात, बँकेचे ७.४ वर्षातून चार वेळा. बँक प्रत्येक तिमाहीला ७.४ चा चौथा हिस्सा, म्हणजे १.८५ टक्के, मुद्दलात मिळवते. शंभर रुपये पहिल्या तिमाहीला १०१.८५ होतात, दुसऱ्या तिमाहीला १०३.७३, तिसऱ्या तिमाहीला १०५.६५ आणि वर्षअखेर १०७.६१. म्हणजे वर्षभरात प्रत्यक्ष वाढ ७.६१ टक्के, ७.४० नव्हे.

एका मापात आणण्याची कृती

दोन्ही ठेवींना एकच प्रश्न विचारायचा: वर्षातून एकदाच व्याज मिळवलं असतं, तर कोणत्या दराने ही रक्कम याच मुदतीत एवढी झाली असती? त्या दराला समतुल्य वार्षिक चक्रवाढ दर म्हणू. त्यासाठी तीनच गोष्टी लागतात: भरलेली रक्कम, मुदतीअंती मिळणारी रक्कम आणि महिने. जाहिरातीत दर कसाही छापलेला असो, या तीन गोष्टी पावतीवर असतात.

शेवटची रक्कम भागिले भरलेली रक्कम, त्याचा ‘१२ भागिले महिने’ एवढा घात, आणि त्यातून १ वजा. संगणकावरच्या किंवा मोबाइलवरच्या कोष्टकात भाच्याने दोन ओळी लिहिल्या:

```
=(400000/200000)^(12/115)-1
=(288570/200000)^(12/60)-1
```

पहिली ओळ किसान विकास पत्राची. उत्तर ७.५० टक्के, म्हणजे फलकावरचा दर. मामींच्या शंकेला इथे उत्तर मिळालं. दुसरी बँकेची, दोन लाखांवर पाच वर्षांनी मिळणारे २,८८,५७० धरून. उत्तर ७.६१ टक्के, म्हणजे तिमाही-तिमाहीने हातानं काढलेलाच आकडा. दोन वाटांनी एकच उत्तर आलं की हिशोब बरोबर असल्याची खात्री पटते.

निकाल उलटला. वहीत १०.४३ विरुद्ध ८.८६, दरपत्रकावर ७.५० विरुद्ध ७.४०, आणि एका मापात ७.५० विरुद्ध ७.६१. बँक पुढे, पण जेमतेम ०.११ टक्क्याने.

या कृतीत दोन ठिकाणी हात घसरतो, आणि दोन्ही चुका या घरात झाल्या.

पहिली चूक महिन्यांची. भाच्याने आधी घाईत ९ वर्षं ७ महिने म्हणजे ९.७ वर्षं असं लिहिलं. ७ महिने म्हणजे ०.७ वर्ष नव्हे, ७ भागिले १२, म्हणजे ०.५८. या चुकीने टपालाचा दर ७.४१ आला. वरवर पाहता चूक किरकोळ, ०.०९ टक्क्याची, पण दोन ठेवींमधला खरा फरकच ०.११ आहे. तुलना इतकी अटीतटीची असते तेव्हा एवढी चूकही अंतर जवळजवळ दुप्पट करून दाखवते. म्हणून वर्षं लिहूच नयेत, मुदत सगळी महिन्यांत घ्यावी. ४४४ दिवसांसारखी ठेव असेल तर ३६५ भागिले दिवस घ्यावेत.

दुसरी चूक कंसाची. मामांनी मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर घाताचं बटण वापरून २ चा घात १२, भागिले ११५ असं दाबलं आणि उत्तर आलं ३५.६. यंत्राने आधी २ चा बारावा घात केला आणि मग भागलं. १२ भागिले ११५ कंसात टाकलं की १.०७५ येतं. इथलं उत्तर नेहमी एकाहून किंचित मोठं असायला हवं. तसं नसलं तर कंस सुटलाय असं समजावं.

घाताचं बटणच नसेल तर दोन साध्या पडताळण्या आहेत. दामदुप्पट ठेवीसाठी ७२ ला वर्षांनी भागावं: ७२ भागिले ९.५८ म्हणजे साधारण ७.५. हा अंदाज आहे, पण टपालाच्या खिडकीशी उभं राहून करता येतो आणि १०.४३ सारखा आकडा तिथल्या तिथे खोडून टाकतो. दुसरी पडताळणी गुणाकाराची. साध्या कॅल्क्युलेटरवर १.०७५ ला १.०७५ ने गुणत राहावं. नवव्या वर्षी १.९१७ येतात आणि दहाव्या वर्षी २.०६१. दुप्पट नऊ आणि दहाच्या मध्ये कुठे तरी होते, म्हणजे दर पटण्यासारखा आहे.

आणखी एक अट लक्षात ठेवायला हवी. बँकेचे ७.६१ फक्त पुनर्गुंतवणूक ठेवीचे. त्याच ७.४० दराने दर तिमाहीला व्याज बचत खात्यात घेतलं, तर ते व्याज पुढे बचत खात्याच्या दरानेच वाढतं आणि ७.६१ ही तुलना लागू राहत नाही.

पर्याय तोलताना

अंतर ०.११ टक्क्याचं आहे हे कळल्यावर चर्चेचा सूर बदलला. आधी ‘कुणाचा दर जास्त’ हा प्रश्न होता. आता तो झाला, एवढ्या फरकासाठी काय सोडावं लागतं? रुपयांत पाहिलं तर दोन लाखांवर पाच वर्षांत ७.५० ने २,८७,१२६ होतात आणि बँकेत २,८८,५७०. फरक १,४४४ रुपये.

मुलीच्या प्रवेशाचा विचार केला तर किसान विकास पत्र गैरसोयीचं होतं. ते अडीच वर्षांनंतर मोडता येतं, पण मोडताना ७.५ चा दर पूर्ण मिळत नाही, तक्त्यानुसार कमी रक्कम मिळते. समतुल्य दर ठेव मुदतीपर्यंत ठेवली तरच खरा असतो. २०२९ ला मोडायची ठेव आणि ७.५ टक्के या दोन गोष्टी एका ओळीत लिहिणंच चूक झालं असतं.

उलट बाजूने बँकेच्या ठेवीत दोन प्रश्न होते. पहिला सुरक्षिततेचा. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळाचं संरक्षण एका ठेवीदाराला एका बँकेत ५ लाखांपर्यंत, आणि त्यात व्याजही धरलं जातं. मामा चारही लाख एकाच नावावर ठेवायला निघाले होते. मुदतीअंती ५,७७,१३९ होणार होते, आणि तीन वर्षं उलटताच रक्कम पाच लाखांच्या वर गेली असती. ‘मुद्दल चारच लाख आहे, विम्यात बसतं’ हा समज चक्रवाढ ठेवीत असा फसतो. सांगली-मिरजेकडे सहकारी बँकेत ठेव अडकणं म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. किसान विकास पत्राला ही मर्यादा नाही, तिथे हमी केंद्र सरकारची असते. ठेव पतसंस्थेत असती तर हे विमा संरक्षण मुळीच नसतं आणि ही तुलना दराच्या पातळीवर करण्यातच अर्थ उरला नसता.

दुसरा प्रश्न जास्त खोल आहे आणि समतुल्य दर तो दाखवत नाही. बँकेची ठेव ६० महिन्यांत संपते, टपालाची ११५ महिने चालते. मधल्या ५५ महिन्यांत बँकेतले पैसे कोणत्या दराने वाढतील? ७.६१ विरुद्ध ७.५० ही तुलना पहिल्या पाच वर्षांचीच आहे. पूर्ण ११५ महिन्यांची तुलना करायची तर २०२९ चा दर माहीत हवा, आणि तो कुणालाच माहीत नसतो.

पण प्रश्न उलटा विचारता येतो: उरलेल्या ५५ महिन्यांत किमान किती दर मिळाला तर बँक टपालाच्या बरोबरीला राहील? टपालात दोन लाखांचे ४ लाख होणार. बँकेतले २,८८,५७० पंचावन्न महिन्यांत ४ लाख व्हायला हवेत.

```
=(400000/288570)^(12/55)-1
=NOMINAL(0.07384,4)
```

पहिल्या ओळीचं उत्तर ७.३८ टक्के, म्हणजे वार्षिक चक्रवाढीचा लागणारा दर. दुसरी ओळ तो तिमाही चक्रवाढीच्या, म्हणजे दरपत्रकावरच्या भाषेत आणते: ७.१९ टक्के. आता प्रश्न नीट मांडता आला. २०२९ मध्ये दरपत्रकावर ७.१९ किंवा त्याहून जास्त असेल तर बँक फायद्याची, कमी असेल तर टपाल. तेव्हा मिळत असलेल्या ७.४० पेक्षा दर फक्त ०.२१ ने उतरायचा अवकाश, बँकेची आघाडी संपते. आमच्या मते या प्रकरणात सर्वांत उपयोगी आकडा हाच आहे, दोन समतुल्य दरांहूनही.

कर बाजूला ठेवला, कारण दोन्हींचं व्याज करपात्र आहे आणि मामांच्या उत्पन्नाच्या पातळीवर त्याने क्रम बदलत नव्हता.

काय केलं

पैशाचे दोन भाग केले आणि प्रत्येक भागाला त्याच्या कामाप्रमाणे मुदत दिली. मुलीच्या प्रवेशासाठी २ लाख बँकेच्या पाच वर्षांच्या ठेवीत, मामांच्या नावावर. मुदतीअंती २,८८,५७० म्हणजे विमा मर्यादेच्या बऱ्याच आत. त्या पैशाला २०२९ नंतरच्या दराची चिंता नाही, कारण तो तेव्हा खर्चच व्हायचा आहे. तिथे ७.६१ हा आकडा पूर्ण खरा ठरतो.

उरलेले २ लाख मामींच्या नावावर किसान विकास पत्रात. जानेवारी २०३४ मध्ये त्याचे ४ लाख होतील. या भागाला मधे काही काम नव्हतं, म्हणून पाच वर्षांत १,४४४ रुपये सोडून ११५ महिन्यांचा दर बांधून घेणं त्यांना पटलं. पत्र घेतलं त्या दिवशीचा दर पूर्ण मुदतीसाठी कायम राहतो. सरकारने नंतर दर बदलले तरी आधी घेतलेल्या पत्राला ते लागत नाहीत.

बँकेत पैसे भरताना एक गोष्ट राहून जात होती. अर्जावर ‘मुदतीनंतर आपोआप नूतनीकरण’ या चौकोनात आधीच खूण होती. ती तशीच राहिली असती तर जून २०२९ मध्ये ठेव पुन्हा पाच वर्षांसाठी, त्या दिवशी असेल त्या दराने, सुरू झाली असती. प्रवेशाच्या धावपळीत मग ती मोडावी लागली असती. मामींनी ती खूण खोडून ‘मुदतीअंती रक्कम बचत खात्यात जमा’ असं लिहून घेतलं आणि पावतीवर मुदतीअंती रक्कम २,८८,५७० छापली आहे ना, हे खिडकीशीच पाहिलं.

पुढे काय झालं

२०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर टप्प्याटप्प्याने ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणला आणि बँकांचे ठेवदर त्यामागोमाग उतरले. या बँकेनेही पाच वर्षांच्या नव्या ठेवींचा दर ६.५० केला. मामांच्या ठेवीला ७.४० कायम आहे, मामींच्या पत्राला ७.५० कायम आहे.

२०२९ मध्ये दर असाच ६.५० राहिला असं धरून पाहू. सगळे पैसे बँकेत ठेवले असते, तर दुसऱ्या दोन लाखांचे २,८८,५७० पुढच्या ५५ महिन्यांत ६.५० ने साधारण ३,८७,८०० झाले असते. टपालात ४,००,००० होणार आहेत. ज्या ठेवीचा समतुल्य दर जास्त होता तीच बारा हजारांनी मागे पडली असती. दर चढले असते तर उलट घडलं असतं. विभागणीमुळे मामांना कोणत्याही बाजूने अंदाज बांधावा लागला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला आठवडा १०.४३ आणि ८.८६ यांच्या वादात गेला. दोन्हीकडून फक्त ‘दोन लाख भरले तर कोणत्या तारखेला किती मिळतील’ एवढंच लिहून घेतलं असतं, तर दरांच्या तीन भाषा घरात शिरल्याच नसत्या.

मुलीचा खर्च एकदम होणार नाही, वर्षागणिक होईल, हेही नंतर ध्यानात आलं. दोन लाखांची एकच पावती करण्याऐवजी पन्नास-पन्नास हजारांच्या चार पावत्या केल्या असत्या, तर व्याज तेवढंच मिळालं असतं. शिवाय २०२९ च्या आधी काही गरज पडलीच, तर एकच पावती मोडून बाकीच्या तिघींचे ७.६१ शाबूत राहिले असते. हे खिडकीवर विचारायला हवं होतं. आता ती पावती फोडायची तर ठेव मोडावी लागेल, आणि नवी ६.५० ने होईल.

किसान विकास पत्राच्या बाबतीतही तसंच. ते एक हजारापासून पुढे शंभराच्या पटीत घेता येतं. मामींनी दोन लाखांचं एकच घेतलं. एक-एक लाखाची दोन घेतली असती, तर डिसेंबर २०२६ नंतर कधी अर्धीच रक्कम लागली, तर उरलेलं एक पत्र जानेवारी २०३४ पर्यंत ७.५० ने चालू राहिलं असतं.